मीठ तापवून थंड केलं, घनता घटली. हा शॉटकी दोष म्हणायचा का?

सातारकर_रसायन

मी बारावीला केमिस्ट्री शिकवतो. सॉलिड स्टेटच्या धड्यात दरवर्षी एक वाक्य येतं: शॉटकी दोषाने घनता कमी होते, फ्रेंकेल दोषाने तीच राहते. यंदा एका मुलीने विचारलं, "सर, कमी होते तर आपल्या लॅबमध्ये मोजून दाखवा ना." प्रश्न रास्त होता, म्हणून सुट्टीच्या दिवशी बसलो.

बाजारातलं जाडं मीठ घेतलं. निम्मं तसंच ठेवलं. निम्मं मफल फर्नेसमध्ये ७०० अंशांवर तासभर ठेवून गार दगडी फरशीवर ओतलं, म्हणजे तापल्यावर तयार झालेल्या मोकळ्या जागा आत अडकून राहतील. मग २५ मिलीच्या घनताबाटलीत रॉकेल घेऊन दोन्हींची घनता काढली. प्रत्येक वेळी मीठ ५ ग्रॅम. न तापवलेलं २.१३ आलं, तापवलेलं २.११. पुस्तकात २.१६ आहे.

फरक अपेक्षित दिशेलाच आहे. सोमवारी वर्गात हे दाखवायचा विचार आहे. त्याआधी इथल्या जाणकारांनी एकदा नजर टाकावी.

सीईटी_मास्तर

सर, अभिनंदन. दिशा बरोबर आहे. धन आणि ऋण आयनांची एकेक जागा रिकामी झाली, ते आयन पृष्ठभागावर गेले, वस्तुमान तेवढंच राहिलं, स्फटिकाचं आकारमान वाढलं, म्हणून घनता घटली. फ्रेंकेलमध्ये आयन जागा सोडून आतल्याच फटीत जातो, बाहेर जात नाही, म्हणून घनता तीच. मी मुलांना एवढंच सांगतो: NaCl, KCl, CsCl शॉटकी, AgCl, AgI, ZnS फ्रेंकेल, AgBr दोन्ही. वीजवहन दोन्हींत वाढतं, पण फ्रेंकेलमध्ये फटीतला आयन सुटा असल्यामुळे जास्त.

आगरवाट

मी पेणकडची. आमच्या घरची मिठागरं होती, त्यामुळे मिठाच्या घनतेचं नाव वाचून थांबले. तुम्ही म्हणता ती घनता म्हणजे मापाचं वजन का? आमच्याकडे एकच माप जाड्या मिठाने भरलं तर हलकं आणि बारीक मिठाने भरलं तर जड भरायचं. पावसाच्या तोंडावर काढलेलं मीठ अजून वेगळं. त्यात या दोषांचा काही संबंध असतो का?

निवांत_६७

सातारकर सर, सोमवारी दाखवू नका. तुम्ही मोजलेला फरक शॉटकी दोषाचा असणं शक्य नाही. कारण सविस्तर सांगते. माझी पीएचडी अल्कली हॅलाइडचे स्फटिक वाढवण्यातच गेली.

२.१३ वरून २.११ म्हणजे जवळपास एक टक्का घट. ती रिकाम्या जागांमुळे आली असेल तर दर शंभर जोड्यांमागे सुमारे एक जोडी गायब असायला हवी. मिठात एक शॉटकी जोडी तयार करायला साधारण २.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. ७०० अंशांना हा हिशेब केला तर दहा लाखांत एखादी जोडी येते. एन्ट्रॉपीचा गुणक धरून तो आकडा काही पटींनी वाढवला, आणि अगदी ८०१ अंशांच्या वितळबिंदूला टेकलो, तरी दहा हजारांत एकाच्या आसपास. म्हणजे २.१६ मध्ये फरक पडणार चौथ्या दशांश स्थानावर, फार तर ०.०००२. तुमचा फरक ०.०२ आहे, शंभर पट मोठा.

आता खोलीच्या तापमानाचं बघा. पुस्तकात आकडा असतो की मिठाच्या एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे १० लाख शॉटकी जोड्या असतात. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण त्याच घन सेंटिमीटरमध्ये आयन असतात १०^२२. म्हणजे दर १०^१६ आयनांमागे एक जोडी. हे मोजणारा तराजू कुणाकडेच नाही.

तुलनेसाठी अजून एक गोष्ट. मीठ एक अंशाने तापलं की त्याचं घनफळ लाखात १२ भागांनी वाढतं. ७०० अंशांच्या सगळ्या रिकाम्या जागा आत जशाच्या तशा अडकल्या असं मानलं, तरी त्यांचा परिणाम खोलीचं तापमान एखाद्या अंशाने इकडेतिकडे झाल्याएवढाच. शिवाय त्या तशा अडकतही नाहीत. थंड होताना बहुतेक जागा स्फटिकातल्या डिसलोकेशनपाशी जाऊन नाहीशा होतात.

मग फरक आला कुठून? तुमचा तराजू किती मिलिग्रॅमपर्यंत वाचतो? रॉकेलमधले बुडबुडे काढले होते का?

आगरवाटताई, तुमचं माप म्हणजे दाण्यांमधल्या हवेसकटचं वजन. ती वेगळी घनता. पण जाड्या मिठाबद्दल तुम्हाला एक विचारायचंच आहे: ते तव्यावर टाकलं तर तडतडतं ना?

आगरवाट

तडतडतं म्हणजे काय, डोळ्यांत उडेल असं तडतडतं. आजी दृष्ट काढायची तेव्हा चुलीत मीठ टाकायची, त्याचा आवाज अंगणात यायचा. जाडा खडा उन्हात धरून बघितला तर आत बारीक पांढुरके चौकोन दिसतात. आमचे मजूर म्हणायचे, खड्यात पाणी राहिलंय.

निवांत_६७

ते पाणीच. खाऱ्या पाण्यातून खडा भराभर वाढतो तेव्हा त्याच्या कडा आधी पुढे जातात, मधलं मागे पडतं, आणि खारं पाणी आत कोंडलं जातं. तापवलं की त्याची वाफ होते आणि खडा फुटतो. आता सर, त्या पाण्याची घनता १.२ च्या आसपास असते. खड्यात असं पाणी घनफळाने एक टक्का असलं तरी घनता २.१६ वरून २.१५ होते. म्हणजे मजुरांना उन्हात दिसणारी पोकळी घनतेच्या बाबतीत शॉटकी दोषापेक्षा कैक पटींनी मोठी आहे.

सातारकर_रसायन

ताई, तराजू १० मिलिग्रॅमचा आहे. बुडबुडे काढायला बाटली हाताने हलवली होती, बाकी काही केलं नाही.

निवांत_६७

मग हिशेब इथेच लागला. ५ ग्रॅम मीठ म्हणजे २.३ मिली. तेवढं रॉकेल बाहेर गेलं, त्याचं वजन १.८५ ग्रॅम. हे वजन तुम्ही तीन-चार वजनांच्या वजाबाकीतून काढता आणि प्रत्येक वजनात १० मिलिग्रॅमची शंका असते. १० मिलिग्रॅम हा १.८५ ग्रॅमचा अर्धा टक्का. दोन वजनांत चूक एकाच बाजूला गेली तरी एक टक्का भरतो. तुमचा सगळा फरक तराजूच्या शंकेतच बसतो. आणि दोन्ही आकडे २.१६ च्या खाली आहेत, त्याला बुडबुडे जबाबदार. फरशीवर ओतलेल्या खड्यांना तडे गेलेले असणार. तड्यातली हवा रॉकेलला सहज बाहेर काढता येत नाही, म्हणून तेच जास्त हलके भरले.

मीठ बारीक वाटून घ्या, रॉकेलसकट व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये ठेवून बुडबुडे येणं थांबेपर्यंत हवा ओढा, १ मिलिग्रॅमचा तराजू मिळवा आणि मीठ २० ग्रॅम घ्या. मग बघू.

सीईटी_मास्तर

ताई, मग पुस्तक चुकीचं आहे का? प्रश्नपत्रिकेत तर "घनता कमी होते" हेच उत्तर आहे.

निवांत_६७

चुकीचं नाही. दिशा बरोबर आहे, फक्त किती ते सांगत नाही. फ्रेंकेलचं "घनता तीच राहते" हे मात्र ढोबळ आहे. वस्तुमान तेवढंच राहतं हे खरं. पण फटीत घुसलेला चांदीचा आयन शेजाऱ्यांना ढकलतो, आणि रिकामी जागा तेवढीच आक्रसून त्याची भरपाई करत नाही. सिल्व्हर ब्रोमाइडवर दाब दिला की त्याचं आयनवहन कमी होतं. म्हणजे दोष तयार होताना घनफळ थोडं वाढतंच, आणि दाब त्याला आडवा येतो.

AgBr "दोन्ही" याबद्दलही सांगते. एके काळी त्याच्या वितळबिंदूजवळच्या जादा प्रसरणावरून शॉटकीचा वाद झाला होता. पण वीजवहन बघितलं तर तिथे चांदीच्या फ्रेंकेल दोषाचंच राज्य आहे. मुलांना "दोन्ही" सांगताना दोन्ही सारखेच असतात असा समज होऊ देऊ नका.

आणि "जोडी" हा शब्दही फसवा आहे. शॉटकी जोडी म्हणजे दोन रिकाम्या जागा शेजारी शेजारी असं नाही. हिशेबात जोडी, स्फटिकात त्या लांब लांब हिंडतात. योगायोगाने शेजारी आल्याच तर एकमेकींना धरून बसतात, मग त्या जोडीवर एकूण भार शून्य. अशी जोडी स्फटिकात सरकली तरी वीज नेत नाही. म्हणजे खरोखर जोडीने राहणाऱ्या जागा आयनवहनाला निरुपयोगी.

सातारकर_रसायन

मग मुलीच्या प्रश्नाचं उत्तर काय देऊ? घनतेवरून दोष ओळखताच येत नाही असं?

निवांत_६७

येतो, पण तापवून नाही, भेसळ करून. पोटॅशियम क्लोराइडमध्ये थोडं कॅल्शियम क्लोराइड विरघळवून स्फटिक वाढवायचा. कॅल्शियमवर दोन धन भार. तो पोटॅशियमच्या जागी बसला की हिशेब दोनपैकी एका रीतीने जुळतो: एक पोटॅशियमची जागा रिकामी ठेवायची, किंवा एक जादा क्लोराइड फटीत कोंबायचा.

या उदाहरणाची गंमत अशी की कॅल्शियम ४०.०८ आणि पोटॅशियम ३९.१०, दोघांचं वजन जवळपास सारखं. त्यामुळे भेसळीच्या स्वतःच्या वजनाने चित्र बिघडत नाही. हजारात एक कॅल्शियम धरा. पहिल्या रीतीत दोन पोटॅशियम जातात आणि एक कॅल्शियम येतो, म्हणून दर कॅल्शियममागे ३८ एकक वजन घटतं. दुसऱ्या रीतीत पोटॅशियमच्या जागी कॅल्शियम आणि वर एक क्लोराइड, म्हणून ३६ एकक वाढतं. शुद्ध KCl ची घनता १.९८७. लॅटिसचं माप फारसं बदलत नाही असं धरलं तर रिकामी जागा असल्यास १.९८६, फटीत आयन असल्यास १.९८८. एक खाली, एक वर. आता मोजायला चिन्हच आहे.

१९५० मध्ये पिक आणि वेबर यांनी KCl मध्ये कॅल्शियम आणि स्ट्रॉन्शियम घालून हे मोजलं. घनता खाली गेली, दर कॅल्शियममागे एक पोटॅशियमची जागा रिकामी होते असं धरून येते तेवढी.

करून बघायचं तर तरंगवण्याची रीत बरी. ब्रोमोफॉर्ममध्ये हलका द्रव मिसळत जायचं, स्फटिक वरही येत नाही आणि खालीही जात नाही तिथे थांबायचं, आणि द्रवाची घनता काढायची. पण असे द्रव एका अंशाला हजारात एक भाग प्रसरण पावतात. म्हणजे तापमान एक अंश हललं की ०.००२ चा फरक पडतो, आणि तुम्हाला शोधायचा आहे तो अख्खा फरक तेवढाच. शुद्ध आणि भेसळीचा असे दोन्ही स्फटिक एकाच नळीत सोडा आणि नळी थर्मोस्टॅटच्या पाण्यात ठेवा. कोण आधी वर येतो एवढं बघितलं तरी उत्तर मिळतं. ब्रोमोफॉर्म विषारी आहे, फ्यूम हूडशिवाय हात लावू नका. मुलांच्या हातात तर नाहीच.

डार्करूम

वडिलांचा कोल्हापुरात फोटो स्टुडिओ होता, म्हणून सिल्व्हर ब्रोमाइडचं नाव वाचून लिहितो. फिल्मवर उजेड पडल्यावर चांदीचे कण तयार होतात ते या फटीतल्या चांदीमुळेच का?

निवांत_६७

हो. उजेडाने सुटलेला इलेक्ट्रॉन एका ठिकाणी अडकतो, फटीतून फिरणारा चांदीचा आयन तिथे पोचतो आणि चांदीचा अणू होतो. पुन्हा इलेक्ट्रॉन, पुन्हा आयन. १९३८ मध्ये गर्नी आणि मॉट यांनी हे मांडलं. चांदी फटीतून इतकी सहज फिरली नसती तर वडिलांच्या फिल्मवर प्रतिमा उमटली नसती.

पुण्याचा_इम्पिडन्स

मी पुण्यात सॉलिड इलेक्ट्रोलाइटवर काम करतो. घनता बाजूला ठेवून वहनाने शॉटकी-फ्रेंकेल ओळखायचं म्हणून AgCl मध्ये CdCl2 घालून पेलेट दाबले. कॅडमियम घातलं की वहन आधी घटतं आणि मग वाढतं, असं वाचलं होतं. माझं मात्र सुरुवातीपासून वाढतच गेलं. ०.१ टक्क्यापासून सुरू केलं होतं, मापन ४० अंशांना. म्हणजे माझा AgCl शॉटकीसारखा वागतोय का? पेलेटची घनता ९२ टक्के आहे, त्यात रिकाम्या जागांचा वाटा किती धरायचा?

सीईटी_मास्तर

दोष वाढले की वहन वाढणारच ना, ते घटेल कसं? हे मला नवीन आहे.

निवांत_६७

मास्तर, छोट्या आकड्यांनी बघू. शुद्ध AgCl मध्ये फटीतली चांदी १०० आणि चांदीच्या रिकाम्या जागा १००. फटीतली चांदी जास्त चपळ असते. समजायला नऊपट धरू. वहन झालं ९०० अधिक १००, म्हणजे १०००. आता कॅडमियम घातलं आणि रिकाम्या जागा ३०० झाल्या. ठरावीक तापमानाला दोन्हींचा गुणाकार कायम राहतो, कारण रिकाम्या जागा वाढल्या की फटीतली चांदी त्यांत पडून बसते. म्हणून फटीत उरली ३३. वहन ३०० अधिक ३००, म्हणजे ६००. घटलं! आणखी कॅडमियम घालून रिकाम्या जागा १००० केल्या तर फटीत १०, वहन ९० अधिक १०००. परत वर. दोष एकूण वाढले, पण चपळ होते ते कमी झाले म्हणून मध्ये खळगा पडला. कोख आणि वॅग्नर यांनी १९३७ मध्ये चांदीच्या हॅलाइडमध्ये भेसळ घालून हेच तपासलं होतं.

मिठात कॅडमियम घातलं तर असा खळगा येत नाही. तिथे सोडियमच्या रिकाम्या जागाच चपळ, आणि कॅडमियम त्याच वाढवतं. एट्झेल आणि मॉरर यांनी १९५० मध्ये NaCl मध्ये कॅडमियम घालून त्या जागांची संख्या आणि चपळता काढली. म्हणून मास्तर, "फ्रेंकेलमध्ये वहन जास्त" असं सरसकट म्हणता येत नाही. कोणता दोष चपळ आणि भेसळ कोणाला वाढवते, त्यावर ठरतं.

पुणेकर, तुमचा AgCl फ्रेंकेलच आहे. चूक तापमानाची आहे. ४० अंशांना AgCl मध्ये आपोआप तयार होणारे दोष इतके विरळ की लाखात एक अशुद्धी असली तरी तुम्ही खळगा ओलांडून पलीकडे गेलेले असता. ०.१ टक्का तर फारच पुढचं. २००-३०० अंशांना मोजा आणि भेसळ दहा लाखांत काही दहांपासून सुरू करा. पेलेटच्या ९२ टक्क्यांत रिकाम्या जागांचा वाटा शून्य धरा. उरलेले ८ टक्के दाण्यांमधल्या फटी, आगरवाटताईंच्या मापातल्या हवेसारख्याच.

सातारकर_रसायन

पुन्हा मोजलं. शेजारच्या सीनियर कॉलेजचा १ मिलिग्रॅमचा तराजू मिळाला, २० ग्रॅम मीठ, ५० मिलीची बाटली. दोन्ही नमुने वाटून, चाळून, पंपाने हवा ओढली. पहिली दहा मिनिटं रॉकेल उकळल्यासारखं फेसाळत होतं. इतकी हवा आत होती याची कल्पनाच नव्हती. न तापवलेलं २.१५८, तापवलेलं २.१६१. म्हणजे आता तापवलेलंच जड!

निवांत_६७

छान मोजलंत. वाटून झाल्यावरही राहिलेलं पाणी आणि ओल तापवताना गेली असणार, म्हणून ते किंचित जड. पण बाजारच्या मिठात मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्षारही असतात, तापल्यावर त्यांचंही बदलतं. त्या ०.००३ वरून यापुढचा निष्कर्ष मी काढणार नाही.

आगरवाट

सर, मुलांना दाखवायचं असेल तर मी पेणहून जाडे खडे पाठवते. ज्यात पाणी दिसतं तेच निवडून.

पुण्याचा_इम्पिडन्स

२६० अंशांना मोजलं. दहा लाखांत ५० आणि १०० या भेसळीला वहन शुद्धपेक्षा खाली आलं, १००० ला वर गेलं. खळगा दिसला. पण थंड करून पुन्हा तापवलं तर खालचे दोन्ही बिंदू वर सरकले, खळगा जवळपास भरून आला. नमुने लाल दिव्याखालीच हाताळले होते. हे दाण्यांच्या सीमांमुळे असेल की कॅडमियम कुठे गोळा होतंय?

निवांत_६७

इलेक्ट्रोड कशाचे लावलेत? चांदीचा पेंट असेल तर आधी ग्राफाइट लावून तेच दोन बिंदू परत घ्या. शक्य असेल तर वितळवून वाढवलेल्या एकसंध स्फटिकाचा एक तुकडाही मोजा. सीमांचा दोष असेल तर तिथे खळगा दुसऱ्यांदाही टिकला पाहिजे.